गॅदरिंगच्या पडद्यावरचा ढग उडी का मारतो?

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या गॅदरिंगला भातलावणीच्या नाचामागे मी हलता पडदा केला होता. लांबवर येळ्ळूरचा राजहंसगड, खाली पाण्याने भरलेले वाफे, वरून सरकणारे ढग. घरी लॅपटॉपवर बघितलं तेव्हा स्वतःवरच खूश झालो होतो. स्टेजवर मात्र दर 20 सेकंदांनी सगळे ढग टुणकन मागे जायचे. पहिल्या दोन उड्या कुणाच्या लक्षात आल्या नाहीत. तिसऱ्या उडीला मागे उभी असलेली नववीची पोरं हसली, आणि पाचव्यापासून ती "आली, आली, आली" म्हणून आधीच ओरडायला लागली. इरली घेऊन नाचणाऱ्या मुलींकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

यंदा तोच पडदा पुन्हा केला, त्याच पॉवरपॉइंटमध्ये, आणि ढगांनी उडी मारली नाही. यात चित्रकलेपेक्षा सातवीतलं गणित जास्त कामाला आलं. सीमाभागातल्या बऱ्याच शाळांत आता मांडववाला एलईडी वॉलही घेऊन येतो, त्यामुळे हे काम कुणा ना कुणा शिक्षकाच्या गळ्यात पडतंच. त्याच्यासाठी हे लिहितोय.

नाच साडेपाच मिनिटांचा असतो. तेवढा वेळ पुरेल असं चित्र कुणी काढत बसत नाही. 40 सेकंदांची फीत करायची आणि ती पुन्हा पुन्हा फिरवायची, याला लूप म्हणतात. फीत संपून परत सुरू होते तो सांधा दिसला नाही, म्हणजे लूप जमला. सांधा न दिसण्यासाठी शेवटच्या क्षणी पडद्यावरची प्रत्येक वस्तू पहिल्या क्षणी होती तिथेच, तशीच यायला हवी.

आता गणित. पडद्यावर चार गोष्टी हलतात असं धरा. ढग एक फेरी 40 सेकंदांत पुरी करतात. बगळ्यांची रांग 20 सेकंदांत एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाते. रोपं 4 सेकंदांत एकदा डोलतात. पावसाची एक फेरी 2 सेकंदांची. 40 ला 20 ने, 4 ने आणि 2 ने पूर्ण भाग जातो, म्हणून 40 व्या सेकंदाला चौघेही आपापल्या सुरुवातीच्या जागी असतात. मला मदत करणाऱ्या एका मुलाने रोपांना 6 सेकंद दिले होते, का तर ती फार घाईने डोलतात. 40 ला 6 ने भाग जात नाही. फीत संपते तेव्हा रोप सहा वेळा डोलून सातव्या वेळी अर्ध्यावर वाकलेलं असतं, आणि पुढच्याच क्षणी ताठ उभं दिसतं. उडी म्हणजे एवढंच. त्याला विचारलं, 40 आणि 6 चा लसावि किती? "120, सर." मग फीत 120 सेकंदांची कर, नाहीतर रोपांना 5 किंवा 8 दे. त्याने 8 दिले. लसावि कशाला शिकायचा हे मी वर्गात कधी इतक्या चटकन पटवून देऊ शकलो नव्हतो.

पण ढगांचा प्रश्न वेळेने सुटत नाही. ढग डावीकडे सरकत गेले तर 40 सेकंदांनी ते मूळ जागी कसे येणार? युक्ती अशी, की ढगांची एक पट्टी पडद्याएवढी रुंद करायची आणि तिच्या उजवीकडे तिचीच दुसरी प्रत चिकटवून लावायची. दोन्ही मिळून डावीकडे बरोबर एका पडद्याएवढ्या सरकल्या, की पहिली प्रत बाहेर गेलेली असते आणि दुसरी अगदी पहिलीच्या जागी असते. तिथून सगळं पुन्हा सुरू झालं तरी डोळ्याला कळत नाही, कारण दोन्ही प्रती एकच आहेत.

अट एकच, पट्टीची उजवी कड तिच्याच डाव्या कडेशी जुळली पाहिजे. नाहीतर दोन प्रतींच्या मध्ये उभी रेघ दिसते आणि तीही ढगांबरोबर फिरत राहते. ही कड जुळवायची जुनी रीत आहे आणि साध्या पेंटमध्येही ती करता येते. ढगांचं चित्र 1800 पिक्सेल रुंद असेल तर मधोमध 900 वर कापा आणि दोन अर्ध्यांची अदलाबदल करा. आधी ज्या बाहेरच्या कडा होत्या त्या आता मध्यभागी एकमेकींना भिडतात, आणि न जुळणारी रेघ डोळ्यांसमोर येते. तिच्यावर एक ढग रंगवून ती बुजवा. नव्या बाहेरच्या कडा म्हणजे मूळ चित्राचा मध्य, तो मुळातच सलग होता, म्हणून त्या आपोआप जुळतात. काहीजण याऐवजी चित्र उलटं करून आरशासारखं शेजारी लावतात. कड त्यानेही जुळते, पण 16 फुटी भिंतीवर फुलपाखराच्या पंखांसारखे जोडीजोडीचे ढग दिसायला लागतात. एकदा ते लक्षात आलं की मग दुसरं काही दिसतच नाही.

हे पॉवरपॉइंटमध्ये कसं बसवायचं ते यंदाच्या पडद्यावरूनच सांगतो. पण त्याआधी एक फोन करावा लागतो, तो वॉलवाल्याला. वॉल किती बाय किती आणि पिक्सेल किती, हे विचारल्याशिवाय चित्राला हात लावू नका. आमच्याकडचे ऑपरेटर बहुतेक कन्नड बोलणारे, त्यामुळे "वॉल पिक्सेल एष्टु?" असं विचारावं. उत्तर आलं, "एल्ला सरी आगतद री." सगळं व्यवस्थित होईल म्हणे. तेवढ्यावर समाधान मानू नका, पेट्या किती लावणार ते विचारा. भाड्याच्या वॉलच्या पेट्या बहुधा अर्धा मीटर बाय अर्धा मीटरच्या असतात, आणि त्यातल्या पी 3.91 जातीच्या पेटीत 128 बाय 128 पिक्सेल असतात. आमच्या स्टेजला आडव्या 10 आणि उभ्या 6 पेट्या लागल्या, म्हणजे 5 मीटर बाय 3 मीटर. पिक्सेल झाले 1280 बाय 768. हे प्रमाण 5 ला 3 आहे, टीव्हीचं 16 ला 9 नव्हे. गेल्या वर्षी मी टीव्हीच्या मापाने चित्र केलं आणि गडाचा बुरूज एका बाजूने कापला गेला होता, तो याचमुळे.

तर Design मधून Slide Size उघडा, Custom Slide Size मध्ये रुंदी 25 सेंटीमीटर आणि उंची 15 सेंटीमीटर टाका. सर्वांत मागे आकाशाचा रंग, त्यावर ढगांची पट्टी, त्यावर गड आणि डोंगर, त्यावर वाफे, रोपं, आणि सगळ्यांत पुढे पाऊस. गड हलत नाही, ढग त्याच्यामागून जातात, त्यामुळे एकाच चित्रात खोली येते.

ढगांची पहिली प्रत आडव्या 0 सेंटीमीटरवर ठेवा. दुसरीची जागा माउसने ओढत बसू नका. तिच्यावर उजवी टिचकी मारून Size and Position मध्ये आडवी जागा 25 सेंटीमीटर असा आकडाच टाका. दोन्ही ग्रुप करा. मग Animations मधून Motion Paths मधला Lines घ्या आणि दिशा डावी करा. रेषेचं लाल टोक Shift दाबून डावीकडे ओढलं की जिथे थांबणार तिथे चित्राची फिकट सावली दिसते. त्या सावलीतल्या दुसऱ्या प्रतीची डावी कड स्लाइडच्या डाव्या कडेला टेकवा. केसभर चूक राहिली तर ढगांत ती खपून जाते, विटांच्या भिंतीत खपली नसती.

आता मला सगळ्यात जास्त छळलेली गोष्ट. Motion Path लावला की पॉवरपॉइंट त्याला स्वतःच हळू सुरुवात आणि हळू शेवट देतं. एकदाच सरकणाऱ्या बाणासाठी ते छान, पण लूपमध्ये ढग 40 सेकंदांनी रेंगाळतात, थांबतात आणि पुन्हा वेग घेतात. जागा अचूक जुळलेली असते, तरीही पडद्याने श्वास घेतल्यासारखं दिसतं. चूक सापडत नाही, कारण आपण जागा तपासत बसतो आणि दोष वेगात असतो. Effect Options मध्ये Smooth start आणि Smooth end दोन्ही 0 करा. सतत एका दिशेला जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला हे लागू, पावसालाही.

पाऊस सोपा आहे. एका स्लाइडच्या उंचीत बसतील अशा तिरक्या फिकट रेघा काढा, पण कुठलीही रेघ वरच्या किंवा खालच्या कडेवर कापली जाऊ देऊ नका. मग कड जुळवायचा प्रश्नच उरत नाही. ग्रुप करा, त्याची प्रत उभ्या उणे 15 सेंटीमीटरवर ठेवा, दोन्ही ग्रुप मिळून 2 सेकंदांत 15 सेंटीमीटर खाली. रेघांची जाडी निदान 2 पॉइंट ठेवा. आमच्या मापाच्या वॉलचा एक पिक्सेल स्लाइडवर 0.2 मिलिमीटर येतो, त्याहून बारीक रेघ वॉलवर नुसती लुकलुकते.

रोपांचं डोलणं Spin ने होतं. कोन 3 अंश, त्याहून जास्त दिलात तर वादळ वाटतं. खाली Auto-reverse वर खूण करा म्हणजे रोप वाकून परत येईल. इथे एक फसवणूक आहे. वेळ 2 सेकंद टाकलात आणि Auto-reverse लावलंत, तर एक फेरी 4 सेकंदांची होते, जाण्याचे 2 आणि येण्याचे 2. वरच्या गणितात 4 धरायचे आणि खिडकीत 2 टाकायचे. आम्ही 8 ठरवले होते, म्हणून 4 टाकले. दुसरं म्हणजे Spin वस्तूला मध्यातून फिरवतं, त्यामुळे रोपाचं मूळही चिखलात झुलतं. रोपाच्या खाली तेवढ्याच उंचीचा चौकोन काढा, त्याचा रंग आणि कड दोन्ही काढून टाका आणि दोन्ही ग्रुप करा. आता ग्रुपचा मध्य रोपाच्या मुळाशी आला, आणि रोप तिथूनच डोलतं.

बगळ्यांची काळजी नाही. जी वस्तू पडद्याबाहेर सुरू होते आणि पडद्याबाहेर संपते, तिचा सांधा कुणाला दिसतच नाही. पंख हलवण्याच्या नादाला मात्र लागू नका, लांबवरचे बगळे तरंगत गेले तरी चालतात.

सगळ्यांना Start मध्ये With Previous, Delay 0. राहिला Repeat. फीत 40 सेकंदांची हवी असली तरी मी तिच्या तीन फेऱ्या, म्हणजे 120 सेकंद करून घेतो. ढगांना 3, बगळ्यांना 6, रोपांना 15, पावसाला 60. यादीत तो आकडा नसला तरी रकान्यात टाइप करता येतो. मग File, Export, Create a Video.

तीन फेऱ्या का? व्हिडिओ करताना अगदी सुरुवातीला आणि अगदी शेवटी चित्र क्षणभर गोठलेलं राहू शकतं. तेवढ्यानेही सांध्यावर ठेच लागते. म्हणून दोन्ही टोकं टाकून मधली फेरी कापून घ्यायची, 40 व्या सेकंदापासून 80 व्यापर्यंत. सगळी हालचाल 40 सेकंदांनी परत येणारी असेल, तर मधले कुठलेही सलग 40 सेकंद घेतले तरी लूप जुळतोच. 12 ते 52 घेतले तरीही.

कापताना एका चित्राचाही फरक पडतो. सेकंदाला 30 चित्रं असतील तर 40 सेकंदांची 1200 होतात. 1201 वं चित्र म्हणजे पुन्हा पहिलंच. तेही घेतलं तर एकच चित्र लागोपाठ दोनदा दिसतं आणि बारीकसा झटका बसतो. मी त्यासाठी ffmpeg हे फुकट मिळणारं साधन वापरतो. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करावी लागते, पण चित्रं ते मोजूनच घेतं:

```
ffmpeg -i bhat.mp4 -ss 40 -frames:v 1200 -an loop.mp4
```

शेवटचं `-an` आवाज काढून टाकतं, गाणं साउंडवाल्याकडून वाजणार असतं. टाइप करायचा कंटाळा असेल तर व्हिडिओ कापणारं कुठलंही साधं सॉफ्टवेअर चालेल, फक्त शेवटचं एक चित्र कमी करायला विसरू नका.

तपासणी पेन्सिलने करावी. फीत पुन्हा पुन्हा चालू ठेवा, 35 व्या सेकंदाला एखाद्या ढगाच्या टोकावर पेन्सिलचं टोक धरा आणि ढगाबरोबर ते सरकवत राहा. सांधा येतो तेव्हा ढग पेन्सिलच्या पुढे किंवा मागे पळाला, तर जागा चुकली. ढग टोकाशी राहिला पण हात अडखळला, तर Smooth 0 करायचं राहिलंय.

आता हीच अदलाबदलीची युक्ती खऱ्या व्हिडिओलाही चालते. यंदा दुसऱ्या एका नाचाला खानापूरजवळची मलप्रभा मागे हवी होती. फोन तिपाईवर पक्का ठेवून वाहत्या पाण्याचं 12 सेकंदांचं चित्रण केलं. पाण्याला सांगता येत नाही की 12 सेकंदांनी जागेवर ये. म्हणून 6 व्या सेकंदाला कापलं, दुसरा अर्धा आधी लावला आणि पहिला नंतर. आता फितीचा शेवट आणि सुरुवात म्हणजे मूळचा सहावा सेकंद, तो सलगच होता. न जुळणारा जोड मध्यभागी आला, तिथे दोन्ही तुकडे 2 सेकंद एकमेकांवर आणून एकातून दुसरा उमटेल असा डिझॉल्व्ह दिला. त्या दोन सेकंदांची घट होऊन फीत 10 सेकंदांची राहिली. पाणी, धूर, पानं यांना हे अगदी शोभतं. काठावर कपडे धुणारी बाई चित्रात असेल तर ती मध्येच विरघळून दुसरीकडे उगवते, तेवढं बघा.

वॉलवर गेल्यावर दोन गोष्टी लॅपटॉपपेक्षा वेगळ्या दिसतात. पहिली वेग. लॅपटॉपवर फूटभर रुंदीत 20 सेकंदांत सरकणारा ढग निवांत वाटतो, पण तोच ढग 5 मीटरच्या भिंतीवर सेकंदाला 25 सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून जास्त पळतो. पुढे मुली नाचतायत आणि मागे आकाश धावतंय, बघणाऱ्याला गरगरतं. 20 चे 40 सेकंद केले ते म्हणूनच.

दुसरी उजेड. एलईडी वॉल स्वतः प्रकाश देते. मागे पांढरंशुभ्र आकाश ठेवलंत तर पुढची मुलं काळ्या सावल्या होतात, आणि पालकांच्या फोनमध्ये तर चेहरे उमटतच नाहीत. ऑपरेटरला उजेड कमी करायला सांगा, आणि चित्राचा खालचा भाग, जिथे मुलं उभी राहतात तो, गडद आणि कमी हलणारा ठेवा. हालचाल वर आकाशात असू द्या. आमच्या रंगीत तालमीला अजून एक घोळ लक्षात आला. मुलींची लुगडी हिरवी आणि मागचे वाफेही हिरवे, मुली शेतात हरवल्या. लुगडी बदलणं शक्य नव्हतं, मग सकाळची संध्याकाळ केली आणि वाफे निळसर करड्या पाण्याचे झाले.

वॉल नसून प्रोजेक्टर असेल तर उलटं करावं लागतं. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही, स्टेजच्या दिव्यांनी गडद भाग पांढुरके पडतात. तिथे चित्र उजळ, ठळक आणि कमी रंगांचं ठेवा, आणि समोरचे दिवे पडद्यावर पडणार नाहीत असे वळवून घ्या.

शेवटी फीत वाजवायची. प्लेअरमध्ये रिपीटचं बटण दाबून मोकळं होऊ नका, कारण फीत संपून परत सुरू करताना बरेच प्लेअर क्षणभर अडखळतात किंवा काळे होतात. एवढ्या कष्टाने बुजवलेला सांधा प्लेअरच उघडा पाडतो. त्याऐवजी तीच फीत बारा वेळा जोडून 8 मिनिटांची एक लांब फाइल करा. साडेपाच मिनिटांच्या नाचात ती संपतच नाही:

```
ffmpeg -stream_loop 11 -i loop.mp4 -c copy purna.mp4
```

इथे 11 म्हणजे पहिल्यानंतर आणखी अकरा वेळा.

कार्यक्रमाच्या दिवशी ऑपरेटरच्या लॅपटॉपवर फीत आधी एकदा पूर्ण पडद्यावर लावून बघा. काही वॉल येणाऱ्या चित्राचा फक्त डावा वरचा तुकडा दाखवतात, तसं झालं तर ऑपरेटरला चित्र वॉलभर बसवायला सांगा. लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत लॅपटॉप चालूच राहतो, पण वॉल बंद पडून नव्याने सुरू होते. तोवर फीत पुढे गेलेली असली तरी बिघडत नाही, लूपच तो.

आणि व्हीएलसी वापरणार असाल तर Preferences मध्ये Subtitles / OSD खाली Show media title on video start ची खूण काढून टाका. नाहीतर फीत सुरू होताच फाइलचं नाव भिंतीवर येतं. गेल्या वर्षी गटशिक्षणाधिकारी पुढच्या रांगेत बसलेले असताना आमच्या राजहंसगडावर मोठ्या अक्षरांत उमटलं होतं, final final navin 3.